साकवाची गोष्ट: तिसरा खर्डा

नुकतं वाचायला लागलेल्या मुलांसाठी मी जी गोष्ट लिहितेय, तिचा तिसरा खर्डा या आठवड्यात संपला. अट तीच आहे: एका वाक्यात जास्तीत जास्त चार शब्द आणि जोडाक्षर एकही नाही.

या अटीने पहिला खर्डा पार मोडला. त्यात एक मुलगा होता आणि तो पाण्यात उतरत होता. 'पाणी' सोपं असतं, पण सामान्यरूप झालं की 'पाण्यात' होतं आणि जोडाक्षर येऊन बसतं. गाडीच्या 'गाड्या' होतात, तळ्याचं तेच. त्याहून मोठी अडचण सर्वनामाची निघाली. 'त्याने', 'त्याला' दोन्हीकडे जोडाक्षर, पण 'तिने', 'तिला' मोकळे. म्हणून मुलाची मुलगी झाली, रमा. म्हशीच्या जागी शेळी आली. 'म्हणाली' गेलं, 'ओरडली' आलं, आणि खरं तर गोष्टीला तेच हवं होतं.

जागा आमच्या बेळगावकडच्या खानापूर तालुक्यातलीच घेतली. साकव म्हणजे ओढ्यावरचा लहानसा पायपूल; पश्चिमेकडच्या जंगलपट्टीतल्या गावांना तो काय असतो ते सांगावं लागत नाही. शिवाय हा शब्द प्रत्यय लागला तरी मोडत नाही: साकवाला, साकवावर, साकवाखाली. दुसरा खर्डा लिहिताना इथेच मला गोष्टीचा कणा सापडला. आत्ता मधला भाग असा आहे:

पाऊस पडत होता.
रमा घरी आली.
शेळी आली नाही.
शेळी पलीकडे होती.
पाणी साकवाखाली होते.
रमा पळाली. साकव हलला.
तिने दोर सोडला.
शेळी हलली नाही.
पाणी साकवाला लागले.
तिने दोर ओढला.
दोर तुटला.
पाणी साकवावर आले.

पाण्याचं वाक्य तीनदा येतं. मुलाला 'पाणी' आणि 'साकव' दोन्ही ओळखीचे झालेले असतात, त्यामुळे तिसऱ्या वेळी त्याचं सगळं लक्ष शेवटच्या प्रत्ययावर जातं. पाणी किती चढलं ते त्या एका प्रत्ययातच आहे. 'भयंकर', 'अचानक' असले शब्द मी आधी घातले होते. काढले, आणि भीती वाढली.

दुसरी गोष्ट मला पुतणीने शिकवली. ती दुसरीत आहे, बोट ठेवून वाचते. "शेळी आली," असं वाचून तिने आनंदाने माझ्याकडे पाहिलं. मग बोट पुढे सरकलं. "नाही." चेहराच उतरला. आपण मोठी माणसं सबंध वाक्य एका नजरेत उचलतो, म्हणून ही जागा आपल्याला दिसतच नाही. मूल एकेका शब्दाने पुढे जातं आणि मराठीत क्रियापद, नकार शेवटी येतात. म्हणजे वाईट बातमी वाक्याच्या टोकाला आपोआप थांबून राहते. आधी मी 'शेळी हलेना' लिहिलं होतं. त्यात नकार शब्दातच चिकटलेला, थांबायला जागा नाही. 'हलली नाही' केलं. शब्द एक वाढला, तरी तेच बरोबर.

शेजारचा मुलगा कन्नड शाळेत जातो, मराठी घरीच वाचतो. कन्नडमध्ये जोडाक्षरातलं पहिलं अक्षर पूर्ण लिहितात आणि दुसरं त्याच्याखाली ओत्तू म्हणून येतं. आपल्याकडे उलट, पहिलंच अर्धं होतं. जुन्या खर्ड्यातलं 'पाण्यात' तो 'पाणयात' वाचून अडला होता आणि तिथे गोष्टच थांबली होती. नवा खर्डा त्याने एका दमात वाचला. 'दोर तुटला' झाल्यावर पान उलटायच्या आधी तो थांबला आणि माझ्या हाताला धरलं.

शेवटाने मात्र दोन खर्डे खाल्ले. आधी बाबा धावत येऊन रमाला उचलत होते. मोठं माणूस आलं की ताण तिथेच संपतो, आणि पुढची पानं नुसती वाचायची म्हणून वाचली जातात. मग रमा स्वतः शेळीला घेऊन साकवावरून परत आली. हे मी लगेच फाडलं. पाणी वर आलेल्या साकवावर पाय ठेवणारी मुलगी मला आमच्याकडच्या मुलांपुढे ठेवायची नाही. आता ती पलीकडेच राहते:

रमा बसली. शेळी जवळ बसली.
रात झाली.
पलीकडे दिवा दिसला.
दिवा हलला.

इथे पान संपतं. पुढच्या पानावर: "रमा!" आई ओरडली. "आई, मी आहे!"

चित्रंही मीच काढतेय, आणि एक चूक आधीच सापडली. पहिल्याच पानावर मी ओढ्यापलीकडे शेळी काढून ठेवली होती, त्यामुळे 'आली नाही' फुकट गेलं. आता त्या पानावर दारातला रिकामा खुंटा आहे. दिव्याच्या पानावरही आई नको, फक्त काळोख आणि पिवळा ठिपका. तेवढं पान परत काढायचं राहिलंय.