बेलभंडारा उचलल्यानंतर

गावच्या खंडोबा देवस्थानचा चिटणीस म्हणून माझी पाच वर्षं संपली. २५ मे रोजी नव्या विश्वस्तांनी देवासमोर बेलभंडारा उचलून शपथ घेतली. "जाता जाता पाच मिनिटं बोल," असं अण्णांनी, म्हणजे नव्या अध्यक्षांनी, आधीच सांगून ठेवलं होतं.

रात्री लिहायला बसलो. सेवा, श्रद्धा, एकी असं पानभर लिहून झालं, पण वाचून पाहिलं तर त्यात आमच्या देवळाचं काहीच नव्हतं. मग आमच्याच हातून झालेली चूक सांगायचं ठरवलं.

मागच्या खेपेला आमची निवड १० एप्रिलला झाली. विश्वस्त बदलले की धर्मादाय कार्यालयात नव्वद दिवसांच्या आत फेरफार अर्ज द्यावा लागतो, म्हणजे आमची मुदत ९ जुलैपर्यंत होती. सभेची नोटीस, इतिवृत्त, हजेरी, सगळं तयार होतं. एका विश्वस्ताचं संमतिपत्र तेवढं राहिलं. तो नोकरीला पुण्यात. मला वाटलं, खजिनदार आणतील. त्यांना वाटलं, मी आणीन. जुलै उलटून गेला. मग उशीर का झाला याचं प्रतिज्ञापत्र आणि विलंब माफीचा अर्ज जोडावा लागला, तारखा पडत गेल्या. तोवर बँक नव्या सह्या घेईना. चंपाषष्ठीच्या यात्रेत मंडपवाल्याचा चेक द्यायला जुन्या अध्यक्षांच्या घरी जावं लागलं. त्यांनी मुकाट्यानं सही केली. मला मात्र मान वर करवेना.

हे सगळं मी देवासमोर जसंच्या तसं सांगितलं. पुढे म्हणालो, "यंदाची निवड १८ मेची. दिवस शपथेपासून नाही, निवडीपासून मोजायचे. सात गेलेत, १६ ऑगस्ट शेवटचा. कुठला कागद कोण आणणार, ते आज नावानिशी लिहून ठेवा."

दुसरी गोष्ट दानपेटीची. तिला दोन कुलपं, किल्ल्या दोघांकडे. पेटी उघडली की नोटा पिवळ्याधमक निघतात, नाणी भंडाऱ्यात चिकटलेली असतात. चाळणीत हलवून ती मोकळी करायला दोन तास जातात. शेवटी दोघंच उरतात, बाकीचे "तुम्ही मोजा, आम्ही सही करतो" म्हणून निघतात. मी कळवळून सांगितलं, "पंचनाम्यावर सही करायची तर मोजायला बसा. उद्या कुणी बोट दाखवलं तर खजिनदार एकटा पडता कामा नये."

टाळ्या फारशा पडल्या नाहीत. प्रसाद वाटेपर्यंत नव्या चिटणीस ताईंनी संमतिपत्रं काढली आणि सभामंडपातच सह्या घ्यायला सुरुवात केली. पहिल्याच कागदावर अण्णांचा पिवळा अंगठा उमटला.

"अण्णा, आधी हात धुऊन या," ताई म्हणाल्या आणि त्यांनी दुसरी प्रत पुढे ठेवली.