मेंबरशिप बंद करताना काय लगेच गेलं, काय शेवटपर्यंत राहिलं

एका खरेदीच्या ॲपची मोफत डिलिव्हरीची वार्षिक मेंबरशिप मला पुढे चालू ठेवायची नव्हती. ॲपमध्ये मेंबरशिपच्या पानावर गेले, तर तिथे दोन पर्याय होते: ‘ऑटो-रिन्यूअल बंद करा’ आणि ‘मेंबरशिप आत्ताच संपवा’. दिसायला सारखेच, पण परिणाम अगदी वेगळे. पहिल्यात भरलेली मुदत पूर्ण वापरता येते, फक्त पुढचे पैसे कापले जात नाहीत. दुसऱ्यात उरलेल्या काळाचा काही परतावा मिळतो, पण सगळे फायदे त्याच क्षणी थांबतात. त्यात मी वर्षभर मोफत डिलिव्हरी वापरलेली, म्हणजे परतावा फारसा मिळणार नव्हताच. मी पहिला पर्याय घेतला.

त्याआधी अटींमधला, खरेदीवर मिळणाऱ्या पॉइंट्सचा भाग नीट वाचला, आणि तो वाचला म्हणूनच निभावलं. माझ्या खात्यात ६४० पॉइंट्स दिसत होते. त्यातले ४०० जमा झालेले होते. ते खात्याचे असतात, मेंबरशिप गेली तरी आपापल्या मुदतीपर्यंत राहतात. उरलेले २४० ‘पेंडिंग’ होते. वस्तू परत करण्याची मुदत उलटल्यावरच ते जमा होतात, आणि त्यातले मेंबर म्हणून मिळालेले जादा पॉइंट्स जमा होण्याच्या दिवशी मेंबरशिप चालू असेल तरच मिळतात. ‘आत्ताच संपवा’ दाबलं असतं तर ते जादा पॉइंट्स गेले असते. माझी मुदत संपायच्या आत ते जमा होणार होते, त्यामुळे थांबण्यातच फायदा होता.

कूपनांचं मात्र वेगळं. रिन्यूअल बंद करताच रिन्यूअलच्या बदल्यात दिलेलं कूपन लगेच नाहीसं झालं. मेंबर म्हणून मिळालेली बाकीची कूपनं राहिली. त्यांच्यावर छापलेली तारीख मेंबरशिपच्या मुदतीनंतरची होती खरी, पण त्या तारखेवर विसंबण्यात अर्थ नाही. पैसे भरताना मेंबरशिप चालू आहे का हे तपासलं जातं, म्हणून ती मुदतीच्या आत वापरून टाकली. सर्वांसाठी असलेल्या कूपनांना काहीच धक्का लागला नाही.

बंद करताना ‘सध्या थांबवा’, ‘नंतर आठवण करा’ अशी पानं मध्ये येत राहतात. तिथेच सोडून दिलं तर काहीच बंद झालेलं नसतं. शेवटी समाप्तीची तारीख दाखवणारं पान आणि तसाच ईमेल आला, तेव्हाच काम झालं असं मी धरलं. पॉइंट्सच्या आणि कूपनांच्या यादीचे स्क्रीनशॉट आधीच काढून ठेवले होते. ज्यांनी मेंबरशिप फोनच्या ॲप स्टोअरमधून घेतली असेल, त्यांना ती तिथल्याच सबस्क्रिप्शन यादीतून बंद करावी लागते. ॲप काढून टाकल्याने पैसे कापणं थांबत नाही.

एक गोष्ट सहज सुटण्यासारखी होती. दर महिन्याला आपोआप येणारी एक ऑर्डर मी लावून ठेवली होती. मुदतीत पाठवल्या गेलेल्या ऑर्डरला डिलिव्हरी मोफतच राहिली. पुढच्या महिन्याच्या ऑर्डरवर मात्र शुल्क लागलेलं दिसत होतं. ती ऑर्डर मी रद्द केली.