६४ टक्के की ५७? माझ्या ऑपरेशननंतरचा हिशोब

नागपूरला माझं वजन उतरवण्यासाठी पोट लहान करायचं स्लीव्हचं ऑपरेशन झालं, त्याला मागच्या महिन्यात वर्ष झालं. तिथल्या तपासणीत फाईलवर लिहिलं होतं: जादा वजनातलं ६४ टक्के कमी. दहा-बारा दिवसांनी यवतमाळला शुगर दाखवायला गेले, तर तिथल्या डॉक्टरांनी ५७ टक्के लिहिलं. घरी येऊन मी रडलेच. वाटलं, वजन परत चढायला लागलं.

सासूबाई म्हणाल्या, "काहून रडून राह्यली वं? काटा त तोच आकडा दाखवते." खरंच, दोन्हीकडे वजन ७६ किलोच होतं.

नागपूरच्या आहारतज्ज्ञ ताईंना फोन केला, तेव्हा उलगडा झाला. हा टक्का सगळ्या वजनाचा नसतो. आधी तुमच्या उंचीला योग्य वजन किती ते ठरवतात. त्याच्या वरचं ते जादा वजन. उतरलेल्या किलोंना त्या जादा वजनाने भागून शंभराने गुणतात. ऑपरेशनआधी मी १०४ किलो होते, उंची १५५ सेंटिमीटर. बीएमआय म्हणजे उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा. तो २५ धरला तर माझं योग्य वजन ६० किलो, म्हणजे जादा ४४. उतरले २८. झाले ६४ टक्के. यवतमाळच्या डॉक्टरांनी बीएमआय २३ धरला होता, कारण भारतीयांत जादा वजन तिथपासूनच मोजतात. मग योग्य वजन ५५, जादा ४९, आणि त्याच २८ किलोंचे झाले ५७ टक्के. पूर्वी तर अमेरिकेतल्या एका विमा कंपनीच्या १९८३ च्या तक्त्यावरून योग्य वजन काढत, असंही ताई म्हणाल्या.

सुरुवातीचं वजन कोणतं, यानेही फरक पडतो. यकृत आकसावं म्हणून ऑपरेशनआधी मला दोन आठवडे अगदी कमी खायला दिलं होतं. त्यात चार किलो गेले. ऑपरेशनच्या दिवशीच्या १०० किलोंपासून मोजलं, तर उतरले २४, जादा ४०, म्हणजे ६० टक्के. एकाच बाईचे तीन आकडे!

मला जास्त लागलं ते वर्ध्याकडच्या काकांचं. आमची ऑपरेशनं एकाच आठवड्यात झाली. ते १५० किलोंचे होते, उंची १७०. चाळीस किलो उतरले, तरी त्यांच्या फाईलवर ५१ टक्केच. माझे ६४ ऐकून ते खचले होते. पण त्यांचं जादा वजनच ७८ किलो. भागाकार मोठ्या आकड्याने होतो, म्हणून टक्का लहान दिसतो. ताईंनी सांगितलं, सुरुवातीच्या पूर्ण वजनाने भागून बघा. माझे १०४ पैकी २८, त्यांचे १५० पैकी ४०. दोघांचेही २७ टक्केच आले.

मी लगेच काकांना फोन लावला. सगळा हिशोब त्यांनी दोनदा सांगायला लावला. मग म्हणाले, "म्हणजे पोरी, मी मांगं नाई पडलो?"

"नाही काका, बरोबरीनं आहो आपण."