पहिल्याच पानावर खरा आकडा

"वीस पानी प्रपोजल देतो, पण मालक पहिलं पान बघून बाजूला ठेवतात. त्या पानात लिहू तरी काय?"

उद्यमबागेतल्या फाउंड्रीचे मालक सकाळी शेडवर, दुपारी बँकेत, संध्याकाळी फोनवर, त्यांनी दुसरं पान उघडायचं कधी? वर तेच पान फोटो काढून सीएला आणि भावाला व्हॉट्सॲपवर जातंय, तिथं तर उरलेली एकोणीस पानं नसतातच.

बहुतेक जण सुरुवात "आमची कंपनी अमुक सालापासून" अशी करतात. ते मागं टाका. आधी काय मागताय ते, मग पैसे.

समजा शेडवर 100 किलोवॅट सोलर बसवायचंय. पहिल्या पानावरच्या समरीत लिहिलेलं असतं, खर्च 45 लाख, वर्षाला 1 लाख 40 हजार युनिट, 7 रुपयांनी 9.8 लाख वाचणार, साडेचार वर्षांत वसूल. छान दिसतंय. पण बाराव्या पानावर असतंय की शेडचे जुने पत्रे बदलायला 6 लाख वेगळे, आणि सतराव्यावर, की सगळी वीज कारखान्यातच वापरली जाईल असं धरलंय. आता रविवारी शेड बंद, म्हणजे साधारण 20 हजार युनिट हेस्कॉमच्या ग्रिडला जाणार, त्याचे समजा 3 रुपयेच मिळाले तर बचत 9 लाखांवर येते आणि खर्च 51 लाख होतो, वसुली जवळपास पावणेसहा वर्षं. एवढ्यात मालकाचा निर्णय बदलू शकतो की! तुम्ही खोटं काहीच लिहिलेलं नाही, पण जो एकच पान वाचतो त्याच्यासाठी ते खोटंच झालं.

म्हणून मी एकच कसोटी लावतो, आतल्या पानांवरच्या कुठल्या गोष्टीमुळं 'हो'चं 'नाही' होईल? ती पहिल्या पानावर यायलाच पाहिजे, वाईट असली तरी, खरं तर वाईट असली तर जास्तच. पॅनलचा मेक, केबलचा साइज, सर्टिफिकेटं आतच राहू देत.

मी असं लिहीन: "पत्र्यांसकट 51 लाखांचा खर्च मंजूर करावा. रविवारची सुट्टी धरून वर्षाला 9 लाखांची बचत, वसुली पावणेसहा वर्षांत. दुसरी शिफ्ट चालू केली तरी रात्रीच्या विजेवर याचा फायदा नाही. कोट महिनाअखेरपर्यंतच लागू."

"तपशील पान 12 वर" असं मात्र लिहू नका, बारावं पान कुणाकडंच नाही. आणि समरी सगळ्यात शेवटी लिहा, कारण आत एक रेट बदलला की समरीतला जुना आकडा तसाच राहतो, आणि सीए नेमका तोच पकडतो.

पान झालं की धंद्यात नसलेल्या कुणालातरी वाचायला द्या आणि विचारा, किती पैसे, कधी परत, अडचण कुठं. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आलं नाही तर अजून काहीतरी आतच राहिलंय.