स्कोअरबोर्ड अपडेट: डिव्हायडर कोणाची वाट बघत होता?

मंडळी, अडकलेला डिव्हायडर सुटला. मागच्या नोंदीत सिम्युलेशन मध्येच थिजतं आणि संशय वॉर हॅझर्डच्या चेकवर आहे, असं लिहिलं होतं. वॉर चेक निर्दोष निघाला. दोष त्याच्या आधी तीन टप्पे, इश्यूमध्ये होता आणि तो फक्त एका ठरावीक सायकलला उघडा पडतो. हा प्रकार तुमच्यापैकी ज्यांचा स्कोअरबोर्ड अर्धवट आहे त्यांनाही नक्की भेटणार, म्हणून सगळा ट्रेस मांडतो.

मांडणी तीच आहे. `LOAD`, `ADD`, `MUL` आणि `DIV` ही चार युनिट्स. एक्झिक्यूटला अनुक्रमे १, २, ७ आणि २० सायकल. फ्लोटिंग रजिस्टर फाइलला चार रीड पोर्ट, एक राइट पोर्ट. इश्यू क्रमाने, सायकलला एक. युनिट रिकामं नसेल किंवा डेस्टिनेशन रजिस्टरवर आधीच कुणाचा लेखी हक्क असेल (म्हणजे वॉ हॅझर्ड), तर इश्यू थांबतो. रीड ऑपरंड्स दोन्ही ऑपरंड तयार झाल्यावरच, दोन्ही एकदम. राइट रिझल्टच्या आधी वॉर चेक. युनिट आणि रजिस्टर राइटच्या पुढच्या सायकलला मोकळे. सीडीसी ६६०० मध्ये १९६४ साली दहा युनिट्सवर हेच तत्त्व चालत होतं. तिथे गुणाकाराला १० आणि भागाकाराला २९ मायनर सायकल लागत. माझे आकडे लहान ठेवलेत, ट्रेस एका पानात मावावा म्हणून.

हा तो प्रोग्रॅम:

```
1  fld    f2,  0(x10)
2  fmul.d f0,  f2, f4
3  fadd.d f8,  f6, f4
4  fdiv.d f10, f6, f2
5  fadd.d f6,  f8, f0
```

आणि सगळं नीट चाललं तर असा ट्रेस यायला हवा:

```
    issue  read  exec     write
1     1      2    3         4
2     2      5    6-12     13
3     3      4    5-6       7
4     4      5    6-25     26
5     8     14    15-16    17
```

दुसरी ओळ `f2` साठी लोडची वाट बघते, हा सरळ रॉ हॅझर्ड. पाचवी ओळ सातव्या सायकलपर्यंत इश्यूच होत नाही, कारण अॅडर एकच आणि तो तिसऱ्या ओळीने अडवलेला. आठला इश्यू झाल्यावर तिला `f0` साठी तेरापर्यंत थांबावं लागतं. तिला लिहायचंय `f6` मध्ये, जे चौथी ओळ वाचते; पण चौथीने ते पाचव्या सायकललाच वाचलेलं असल्यामुळे वॉरचा प्रश्न येत नाही.

प्रत्यक्षात काय होत होतं? सतराव्या सायकलला अॅडर लिहायला सज्ज, पण वॉर चेक त्याला सोडत नव्हता. ट्रेसमध्ये पुढे नुसती वॉर स्टॉलची ओळ, अनंत. साहजिकच मी वॉर चेकच्या मागे लागलो. चेक म्हणतो: दुसऱ्या कुठल्याही युनिटचा सोर्स `f6` असेल आणि त्याचा `Rj` किंवा `Rk` फ्लॅग चढलेला असेल, म्हणजे "तयार आहे पण अजून वाचलेला नाही", तर लिहू नको. डिव्हायडरच्या नोंदीत `Fj` हा `f6` होता आणि `Rj` चढलेला होता. म्हणजे चेक अगदी बरोबर बोलत होता. खरा प्रश्न हा की डिव्हायडर अजून वाचत का नाही?

उत्तर त्याच्या दुसऱ्या ऑपरंडमध्ये होतं. `Rk` उतरलेला आणि `Qk` मध्ये `LOAD`. डिव्हायडर लोडची वाट बघत होता, आणि लोड युनिट तर चौथ्या सायकलला लिहून कधीच रिकामं झालेलं.

आता चौथी सायकल जवळून बघा. त्याच एका क्लॉक एजला दोन गोष्टी होतात. लोड `f2` लिहितो आणि ज्यांच्या `Qj` किंवा `Qk` मध्ये `LOAD` आहे त्या सगळ्यांना जागं करतो. तेव्हा यादीत फक्त `MUL` आहे. `DIV` ची नोंद अजून भरलेलीच नाही. त्याच वेळी इश्यू टप्पा `DIV` ची नोंद भरतो आणि `f2` कोण लिहिणार हे रिझल्ट टेबलला विचारतो. टेबलमध्ये अजून जुनं उत्तर आहे, `LOAD`, कारण ते पुसलं जाणार याच एजला. त्यामुळे `DIV` च्या नोंदीत `LOAD` उतरतं आणि हाक तर होऊन गेली. बस सुटल्यावर स्टॉपवर येऊन उभा राहिलेला माणूस, तशी अवस्था.

नियमांचा तक्ता प्रत्येक टप्प्यासाठी वेगळा लिहिलेला असतो. इश्यूचे नियम एकीकडे, राइट रिझल्टचे दुसरीकडे, आणि वाचताना ते एकामागून एक घडतात असं वाटतं. हार्डवेअरमध्ये ते एकाच एजला घडतात आणि दोघंही जुनीच अवस्था वाचतात. ही फट तक्त्यात दिसत नाही, ती आपल्यालाच बुजवावी लागते:

```verilog
wire wake_k = wr_valid && (res[fk] == wr_fu);
qk[u] <= wake_k ? FU_NONE : res[fk];
rk[u] <= wake_k || (res[fk] == FU_NONE);
```

`Qj` ला हेच. इश्यू होताना टेबलमधलं युनिट याच सायकलला लिहीत असेल तर त्याला "झालंच" समजायचं. रजिस्टर फाइल एलयूटी रॅममध्ये आहे, राइट एजला आणि रीड लगेच, त्यामुळे पाचव्या सायकलला `DIV` ला ताजा `f2` मिळतो. ट्रेस वरच्या तक्त्याशी ओळ न ओळ जुळला तेव्हा जो आनंद झाला, तो इथे हा छंद असणाऱ्यांनाच कळेल.

पण मला जास्त अस्वस्थ केलं ते पुढच्या गोष्टीने. दुरुस्तीआधीच्या कोडवर मी प्रोग्रॅमच्या शेवटी एक साधी ओळ टाकून पाहिली, `fld f12, 8(x10)`. थिजणं गायब! हा लोड नऊला इश्यू होतो, बाराला लिहितो आणि `LOAD` ची हाक देतो. डिव्हायडर त्या भलत्याच हाकेने जागा होतो, तेराला वाचतो आणि सव्वीसऐवजी चौतीसला लिहितो. उत्तर बरोबर, फक्त आठ सायकल उशीर. उत्तरं तपासणारी टेस्ट हे कधीच पकडणार नाही.

मग त्याच ओळीत `f12` च्या जागी `f2` घातला. आता नवा लोड `f2` वरच लिहितो. वॉर चेक डिव्हायडरच्या नोंदीत बघतो: `Fk` हा `f2` आहे खरा, पण `Rk` उतरलेला. उतरलेल्या फ्लॅगचे अर्थ दोन: एक तर वाचून झालंय, किंवा ज्याची वाट बघतोय तो अजून लिहायचाय. दोन्हीत लिहायला हरकत नसते, म्हणून चेक सोडतो. डिव्हायडर जागा होऊन नवीन `f2` ने भागतो आणि `f10` चुकीचा येतो, कुठेही काही न थिजता. म्हणजे एकाच फटीची तीन रूपं: थिजणं, उशीर आणि चुकीचं उत्तर. शेवटी कुठली ओळ येते एवढ्यावर ठरणारी.

म्हणून आता ही असर्शन कायमची राहणार:

```verilog
if (busy[u] && qk[u] != FU_NONE)
  assert (busy[qk[u]] && fi[qk[u]] == fk[u]);
```

मी ज्याची वाट बघतो तो कामात असला पाहिजे, आणि मला हवं तेच रजिस्टर तो लिहिणार असला पाहिजे. जुन्या कोडवर ही लावली तर वरच्या तिन्ही प्रोग्रॅममध्ये पाचव्या सायकललाच बोंब मारते. सतराव्या सायकलचं लक्षण धरून मागे चालत जाण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

टूलबद्दल थोडं. जीटीकेवेव्हमध्ये हे शोधणं मला जड गेलं. स्कोअरबोर्ड म्हणजे तक्ता, आणि तक्ता लाटांमध्ये उलगडून बघायचा म्हणजे डोळ्यांना शिक्षा. दर सायकलला चार युनिटच्या चार ओळी `$display` ने छापल्या आणि चौथ्या-पाचव्या सायकलची पानं शेजारी ठेवली, तेव्हा `Qk` नजरेत भरला. रोजच्या रनसाठी व्हेरिलेटरच वापरतो, वेगाला तोड नाही. पण रीसेटनंतर फ्लॅग भरायचे राहिलेत का हे बघायला इकारसच बरा, तिथे `x` लगेच दिसतो.

पुढचा बेत रजिस्टर रीनेमिंगचा होता. तो आता मागे ढकलतोय, कारण हे लिहिताना दुसरंच सुचलं.

समजा चौथी ओळ `fdiv.d f10, f0, f6` आणि पाचवी `fadd.d f6, f8, f2` अशी आहे. डिव्हायडरला `f0` साठी चौदापर्यंत थांबायचंय, `f6` मात्र त्याला पाचव्या सायकललाच तयार आहे. तरी तो वाचत नाही, कारण दोन्ही एकदम वाचायचे असा नियम. परिणामी अॅडर अकराला बेरीज संपवूनही बारा, तेरा, चौदा नुसता थांबतो आणि पंधराला लिहितो. तयार असलेला ऑपरंड तेव्हाच उचलून युनिटच्या इनपुट लॅचमध्ये ठेवला तर? लॅच माझ्याकडे आहेतच, फक्त दोन्हींचे एनेबल वेगळे करावे लागतील. अॅडर बाराला लिहून मोकळा.

पोर्ट कमी पडतील ही पहिली शंका आली. पण हिशेब उलटाच निघतो. राइट पोर्ट एक, म्हणजे एका सायकलला एकच रजिस्टर ताजं होतं. त्याच्यासाठी कितीही युनिट्स जागी झाली तरी सगळ्यांना एकाच पत्त्यावरचा आकडा हवा असतो. त्यात नुकत्याच इश्यू झालेल्या इन्स्ट्रक्शनचे जास्तीत जास्त दोन. एकूण तीन पोर्टांत भागतं! आत्ता चार असूनही तिसरं युनिट एकदम जागं झालं की त्याला थांबावं लागतं.

आणि मग वॉर स्टॉल उरतच नाही. ऑपरंड तयार झाल्याच्या पुढच्याच सायकलला उचलला जातो, आणि त्याच रजिस्टरवर लिहिणारी नंतरची इन्स्ट्रक्शन फार तर तेव्हा इश्यू होत असते. तिला लिहायला आणखी तीन सायकल तरी हव्यात. म्हणून वॉर चेक राइटच्या वाटेतून काढून त्याचीही असर्शन करणार आहे. ती एकदाही पेटली नाही तर हिशेब बरोबर. टेस्ट प्रोग्रॅम यादृच्छिक बनवतोय, मुद्दाम पाचच रजिस्टर वापरून, म्हणजे हॅझर्ड खच्चून येतील. आणि प्रत्येक राइट साध्या क्रमवार मॉडेलशी ताडून बघणार. `fmadd.d` मात्र तूर्त बाहेर, तीन सोर्स आले की पोर्टांचं गणित पुन्हा मांडावं लागेल. कुणी ते आधीच मांडलं असेल तर आकडे टाका.