कोरं डोकं आणि बेअरिंग हाऊसिंग

‘स्वतःबद्दल सांगा’ हा मुलाखतीतला सगळ्यात सोपा प्रश्न समजला जातो. विचारणाऱ्याला तो सोपा असतोच, कारण तेवढ्या वेळात त्याला उमेदवाराचा कागद पहिल्यांदा वाचून घेता येतो. पण उत्तर देणाऱ्याच्या हाताला त्यात धरायला काहीच लागत नाही. वीस-बावीस वर्षांच्या आयुष्यातलं काय निवडायचं, कुठून सुरू करायचं, कुठं थांबायचं, हे सगळं एका दमात ठरवायचं. घाबरल्यावर मेंदूचा नेमका हाच भाग, निवड करणारा आणि क्रम लावणारा, आधी ढेपाळतो.

कोल्हापूरजवळच्या शिरोलीतल्या एका फौंड्रीत, म्हणजे वाळूच्या साच्यात लोखंड ओतणाऱ्या कारखान्यात, क्वालिटीसाठी ट्रेनी घ्यायचे होते, तेव्हा टेबलाच्या विचारणाऱ्या बाजूला मीही होतो. कागलकडची, डिप्लोमा झालेली एक मुलगी आली. तिनं इंग्रजीत परिचय पाठ केला होता. ‘गुड मॉर्निंग सर, मायसेल्फ...’ इथपर्यंत आली आणि थांबली. पुन्हा ‘मायसेल्फ’. पुन्हा थांबली. पाठ केलेल्या मजकुराचं हे असंच असतं. प्रत्येक वाक्य मागच्या वाक्याला धरून आठवतं, त्यामुळे पहिलंच निसटलं की उरलेली वीस तोंडपाठ असूनही हाताशी येत नाहीत. ती छताकडे बघत होती. आमचे एचआरवाले ‘टेक युवर टाइम’ म्हणत घड्याळाकडे बघत होते. असल्या धीरानं माणूस जास्त घाबरतो.

मग ती एकदम म्हणाली, “सर, डोकं कोरं झालंय. मराठीत बोललो तर चालंल?”

‘बोललो’ म्हणाली. घरातली कोल्हापुरी बाहेर आली, म्हणजे पोरगी जमिनीवर आली, असं मी मनात म्हटलं. वर्क्स मॅनेजर हसले आणि त्यांनी टेबलावरचा रिजेक्ट जॉब, म्हणजे ओतून नापास झालेला एक भाग, तिच्याकडे सरकवला. बेअरिंग हाऊसिंग होतं, मधोमध कापलेलं. “परिचय ऱ्हाऊ दे. ह्यात काय दिसतंय तेवढं सांगा.”

तिनं जॉब उचलला. काय झालं असेल, असं तिनं लगेच सांगितलं नाही. दिसतंय ते बोलत गेली, आणि माझ्या मते तिथंच ती सावरली. “भोक आहे. गोल आहे.” बोट आत घालून बघितलं. “आतनं गुळगुळीत लागतंय.” जरा थांबली. “म्हणजे श्रिंकेज नसणार सर. श्रिंकेजची पोकळी आतनं खरबरीत असते, वेडीवाकडी. आणि ती जाड भागात येते, मेटल जिथं शेवटी गोठतं तिथं. हे गॅसचं आहे. ब्लो होल.”

आता तिच्या आवाजातला कंप गेला होता. गॅस कुठून आला, असं विचारलं तर म्हणाली, वाळूत पाणी जास्त झालं असेल, नाहीतर वाळूतून हवा नीट बाहेर पडत नसेल, नाहीतर कोअर, म्हणजे जॉबच्या आतली पोकळी राखणारा वाळूचा गाभा, नीट भाजला नसेल.

“ह्यातलं नेमकं कुठलं?”

“एका जॉबवरनं नाही सांगता येणार. आणखी चार-पाच कापून बघायला लागतील. दरवेळी कोअरच्या कडेलाच भोक येत असेल तर आधी कोअर बघीन. कुठंही येत असेल तर वाळूचा ओलावा मोजीन. ३ ते ४ टक्क्यांच्या वर गेला असेल तर तिथंच धरीन.”

आकडा वाळूप्रमाणे आणि मोल्डिंगच्या पद्धतीप्रमाणे थोडा इकडेतिकडे होतो, पण ग्रीन सँडसाठी, म्हणजे ओल्या वाळूच्या साच्यासाठी, बोलणं बरोबर होतं. मुख्य म्हणजे ‘एका जॉबवरनं नाही’ हे वाक्य. आमच्याकडं पंधरा वर्षं काढलेले लोकही पहिलं भोक बघून वाळूवाल्याला शिव्या घालतात.

मॅनेजरसाहेबांना आता चेव आला. एसजी आयर्नकडे, म्हणजे ज्यात ग्रॅफाइट गोळ्यांसारखं असतं त्या ओतीव लोखंडाकडे, वळले. ट्रीटमेंट केलेलं मेटल लॅडलमध्ये जास्त वेळ राहिलं तर काय होतं? मुलगी गप्प. मला वाटलं, झालं, पुन्हा कोरं. म्हणून मीच खूण दिली, “मॅग्नेशियम आठवा.” कोरं डोकं असतं तर एवढ्यावर बांध फुटला असता: मॅग्नेशियम हळूहळू उडून जातं, त्याचा असर उतरतो, ग्रॅफाइटचे गोळे नीट होत नाहीत, म्हणून वेळेत ओतायचं, वगैरे. ती मात्र शांतपणे माझ्याकडे बघत राहिली.

“नाही सर. हे आठवंना असं नाही, हे मला येतच नाही. आमच्या वर्कशॉपला एसजी केलंच नव्हतं.”

“मग इथं करायला लागंल,” मॅनेजर म्हणाले आणि एचआरवाल्यांकडे वळून विचारलं, ट्रेनीला बस कागलकडनं आहे का हो?