अकरा नग शिल्लक, कोल्हापुरात शून्य

जानेवारीतली सकाळ, साडेसात वाजलेले. साखर कारखान्यांचा हंगाम ऐन भरात होता. कोल्हापूर शाखेच्या इनचार्जचा फोन आला, "साहेब, २२२२० नंबरचे दोन नग पायजेत. बगॅस कॅरिअरचं बेअरिंग गेलंय, कारखान्याचा माणूस काउंटरवर उभाय."

मी पुण्यात बसून आमच्या बेअरिंग विक्रीच्या चारही शाखांचा स्टॉक बघतो. स्क्रीनवर अकरा नग दिसत होते: नाशिक पाच, नगर चार, सोलापूर दोन, कोल्हापूर शून्य. नगरला फोन लावला. "साहेब, ते चार एका गिऱ्हाईकासाठी बाजूला ठेवलेत." ऑर्डर आहे का विचारलं, तर "ऑर्डर नाही, पण त्यांना लागणारच." सोलापूरचे दोन आदल्या संध्याकाळी गेले होते, एंट्री राहिली होती. नाशिकवाल्यांनी लगेच होकार दिला, पण तिथून रात्रीच्या ट्रॅव्हल्सने माल निघणार आणि दुसऱ्या दिवशी पोचणार. दहाच्या आत कारखान्याच्या माणसाने शेजारच्या दुकानातून जास्त भावाने बेअरिंग घेतलं.

मालकांना संध्याकाळी कळलं आणि त्यांनी फर्मान सोडलं, "शाखा रिकाम्या करा. सगळा माल पुण्यात." मला ते पटलं नाही. त्या सकाळी बेअरिंग पुण्यात असतं, तरी कोल्हापूरला पोचायला दुपार झाली असती. तो माणूस काही थांबला नसता.

म्हणून दोन वर्षांची विक्री काढून बसलो. कंपनीकडून हे बेअरिंग यायला सहा आठवडे लागतात. सहा आठवड्यांत प्रत्येक शाखेत सरासरी चार नग जातात आणि त्यात साधारण दोनाचा चढउतार असतो. चारही शाखांचं गणित सारखं निघालं, हे माझं नशीब. शंभरातल्या पंच्याण्णव वेळा माल कमी पडू नये असं धरलं, तर चढउताराच्या १.६५ पट जादा साठा लागतो. म्हणजे ३.३, पूर्ण नग धरायचे तर चार. चार शाखांचे सोळा.

आता हाच माल एका ठिकाणी धरा. शाखांच्या मागणीचा एकमेकींशी संबंध नसेल, तर चढउतारांची सरळ बेरीज होत नाही, त्यांच्या वर्गांची होते. दोनाचा वर्ग चार, चार शाखांचे सोळा, वर्गमूळ चार. १.६५ ने गुणलं की ६.६, म्हणजे सात नग. सोळाच्या जागी सात. याला रिस्क पूलिंग म्हणतात.

मालकांना वर्गमूळ सांगून उपयोग नव्हता. म्हटलं, "चार भावांच्या चार चुली असल्या, की अचानक येणाऱ्या पाहुण्यासाठी चारही घरांत जादा भाकरी थापाव्या लागतात. चूल एक असली की तेवढ्या लागत नाहीत, कारण सगळ्यांचे पाहुणे एकाच दिवशी येत नाहीत." ते म्हणाले, "मग साठा निम्म्याहून कमी झाला की!" तसं नाही. सहा आठवड्यांच्या सरासरी विक्रीचे सोळा लागतातच, कमी होतो फक्त जादा साठा. बत्तीसचे तेवीस.

आणि लग्नसराई असली की सगळ्यांकडे पाहुणे एकदमच येतात. पावसाळ्यात कारखाने बंद असताना सगळीकडे मशिनरी उघडतात, चारही शाखांची मागणी एकाच वेळी चढते. तिथे दोन-दोन-दोन-दोन अशी सरळ बेरीज होऊन आठ होतात आणि जादा साठा पुन्हा चौदावर जातो. शाखांची महिनेवार विक्री शेजारी-शेजारी मांडली की हे नुसत्या डोळ्यांना दिसतं: मोठे आकडे एकाच ओळीत येत असतील, तर माल एकत्र ठेवून फारसं काही वाचणार नाही. सुदैवाने कारखाने त्या कामाची चौकशी आधीच पाठवतात, म्हणून तो माल आम्ही चौकशीवरच मागवतो. हंगामातलं ब्रेकडाऊन मात्र कुणाचं कधी होईल, याचा दुसऱ्याशी संबंध नसतो.

शेवटी ठरलं असं. तेवीसपैकी प्रत्येक शाखेत एक जोडी, म्हणजे आठ, आणि उरलेले पंधरा पुण्यात. कॅरिअर बंद पडलेल्या माणसाला हातोहात द्यायला ती जोडी. पण ती शाखेची नव्हे. पुण्याचा फोन आला की त्याच दिवशी निघाली पाहिजे. ही अट नसती तर चार चुली पुन्हा पेटल्याच असत्या. व्ही-बेल्ट, ग्रीस, लहान बॉल बेअरिंग यांना हातच लावला नाही. तो माल स्वस्त, खप रोजचा, गिऱ्हाईक उभ्या उभ्या नेणार. पुण्यातून एकेक बेल्ट पाठवायचा तर पार्सलचं भाडंच नफा खाईल.

सगळ्यात जास्त कुरकुर नगरची. "माझं गिऱ्हाईक तुटलं तर जबाबदारी कोणाची?" त्यांच्या विक्रीच्या आकड्यावरच त्यांचं इन्सेंटिव्ह ठरतं, त्यामुळे माल दाबून ठेवण्यात त्यांचं फार चुकत होतं असंही नाही. पुढे मालकांनी नियम केला: पुण्याच्या सांगण्यावरून पाठवलेला नग कुठेही विकला गेला, तरी निम्मी विक्री पाठवणाऱ्या शाखेच्या नावावर. त्या आठवड्यात नगरहून दोन नग पुण्यात आले. दोन्ही खोक्यांवर मार्करने त्या गिऱ्हाईकाचं नाव लिहिलेलं होतं, आणि त्यावर एक आडवी रेघ मारलेली.